अवकृपेचा हिशेब

नांदेड-लातूरकडच्या एका शाळेच्या सूचनाफलकाचा फोटो फोनवर आला. वादविवाद स्पर्धा, विषय ‘मराठवाड्याचा दुष्काळ ही निसर्गाची अवकृपा आहे’, अनुकूल किंवा प्रतिकूल, वेळ पाच मिनिटे आणि खंडनाला दोन. अनुकूल बाजू सोपी आहे. एसटी स्टँडवर कोणालाही विचारा, तो तीच बोलेल. मला प्रतिकूल बाजूचे भाषण हवे होते. ते असे:

अध्यक्ष महाशय, परीक्षक आणि मित्रहो, आधी पूर्वपक्षाचे देणे देऊन टाकतो. २०१४ आणि २०१५ साली पाऊस लागोपाठ दोनदा हुकला. मांजरा धरण कोरडे पडले. मार्च २०१६मध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची पहिली पाण्याची रेल्वे आली. यातले काहीही मी नाकारत नाही. पण पाऊस कमी पडणे आणि माणसाला प्यायला पाणी नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली निसर्गाची. दुसरीचा हिशेब करू.

लातूर शहराची लोकसंख्या ढोबळ चार लाख आणि माणशी रोज शंभर लिटर धरले, तर रोजचे चार कोटी लिटर होतात, म्हणजे वर्षाला सुमारे १५ दलघमी. शहराला पाणी देणाऱ्या धनेगावच्या मांजरा धरणाचा उपयुक्त साठा आहे सुमारे १७७ दलघमी. एकदा भरलेल्या धरणात शहराची दहा वर्षांची तहान मावते! अर्थात कागदावर. धरण पसरट, आपला उन्हाळा कडक. मोठा वाटा वाफ होऊन उडतो, गाळ बसतो. म्हणून दहा वर्षे म्हणणार नाही. पण पिण्यासाठीच राखले तर बाष्पीभवन वजा जाताही दोन उन्हाळे निघावेत. ते राखले जात नाही.

मग पाणी जाते कुठे? पाटाने दिलेल्या उसाला हेक्टरी दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे शहराचे वर्षभराचे पिण्याचे पाणी सव्वासातशे-साडेसातशे हेक्टर उसात संपते. आणि रोज अडीच हजार टन गाळणारा एक कारखाना दीडशे दिवस चालवायला पाच हजार हेक्टर ऊस हवा. पुढे त्या रेल्वेला पन्नास वाघिणी लागल्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. देशभर त्याची बातमी झाली. तेवढ्या पाण्यावर ऊस निघतो बारा-साडेबारा गुंठे.

आता खंडन. प्रतिपक्ष म्हणेल, ऊस धरणावर नाही, विहिरी-बोअरवर आहे. बराचसा आहे, मान्य. पण आपल्या काळ्या पाषाणात पाणी मुरायला जागाच थोडी. वरच्या थरातले संपले की माणूस आठशे-हजार फुटांवर जातो आणि तिथे बहुधा धूळ उडते. नदीकाठचे बोअर आणि नदी एकमेकांचेच पाणी ओढतात. शिवाय धरण आटल्यावर शहराचा शेवटचा आधार तेच भूजल. नांदेडच्या उशाशी तर गोदावरी आहे, विष्णुपुरीचा जलाशय आहे. तरी टंचाईत जलाशयावरच्या शेतीपंपांची वीज तोडून पिण्याचे पाणी राखावे लागते. प्रशासनाची लढाई तिथे ढगांशी नसते, मोटारींशी असते.

दुसरा मुद्दा येईल, पाऊस मुळातच कमी. लातूरची सरासरी साडेसातशे-आठशे मिलिमीटर. नगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारची त्याच्या निम्मी. तिथे उसाला बंदी, शेतीसाठी बोअरला बंदी, आणि पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीचे पीक ठरवते. गाव लहान आहे, शहराला ते जसेच्या तसे लागू होणार नाही, हे खरे. पण सरासरीची सबब तिथे टिकत नाही एवढे दिसते.

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार, आणि तो मी स्वतःच मांडतो: शेतकऱ्याने ऊस लावू नये तर काय लावावे? उसाला एफआरपी आहे, कारखाना कायद्याने बांधलेला आहे, गारपिटीत ऊस सगळाच जात नाही. तुरीला, सोयाबीनला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र उघडेपर्यंत माल आडतीवर कमी दराने गेलेला असतो. तेव्हा ऊस लावणारा मूर्खही नाही, गुन्हेगारही नाही. मात्र उसाची हमी कोणी ठरवली, डाळीची खरेदी कोणी टाळली, तुटीच्या खोऱ्यात कारखान्याला परवाना कोणी दिला? या तिन्हींवर माणसांच्या सह्या आहेत.