मन, चाक आणि सावली : धम्मपदाच्या पहिल्या दोन गाथा

धम्मपदात एकूण ४२३ गाथा आहेत. त्यांतील पहिल्या दोन यमकवग्गाच्या म्हणजे जोड्यांच्या वर्गाच्या आरंभी येतात. दोन्हींचा पूर्वार्ध जवळजवळ एकच आहे : धर्मांच्या पुढे मन चालते, मन त्यांत श्रेष्ठ आहे आणि ते मनाचेच घडलेले आहेत. पुढे वाट फुटते. दूषित मनाने बोलणाऱ्या-वागणाऱ्याच्या मागे दुःख येते, जसे ओझे वाहणाऱ्या बैलाच्या पायामागून चाक येते. प्रसन्न मनाने वागणाऱ्याच्या मागे सुख येते, जशी कधीही न सोडणारी सावली. आमच्या रामवाडी-पेणच्या बाजूला ज्यांनी बैलगाडीमागे चालत मातीतली चाकोरी पाहिली आहे, त्यांना पहिल्या उपमेतले वजन समजावून सांगावे लागत नाही. चाकाला भार असतो, सावलीला नसतो. दोन गाथांमधला फरक या एका निवडीत आहे.

येथे 'धर्म' म्हणजे काय, हा पहिला प्रश्न. 'सर्व वस्तू मनातून निर्माण होतात' असा अर्थ पुष्कळदा सांगितला जातो. पाचव्या शतकाच्या सुमारास सिंहलात सिद्ध झालेली धम्मपदाची अट्ठकथा मात्र तसे म्हणत नाही. तिच्या मते येथील धर्म म्हणजे वेदना, संज्ञा आणि संस्कार, अर्थात मनाच्याच सोबत उठणाऱ्या अवस्था. डोंगर, नदी, रोग हे मनाने घडविले, असा दावा त्यात नाही. शिवाय गांधारी धर्मपदात आणि संस्कृत उदानवर्गात 'मनोमय'च्या जागी 'मनोजव' असा पाठ आहे. त्याचा अर्थ मनाच्या वेगाचे किंवा मनाने वेग दिलेले. पाली पाठावरच सारे जगद्विषयक तत्त्वज्ञान उभारू नये, इतका इशारा या पाठभेदातून मिळतो.

आता कथा. पहिल्या गाथेमागे आहे चक्खुपाल थेराची. श्रावस्तीचा गृहस्थ महापाल भिक्षू होतो आणि साठ भिक्षूंसह दूरच्या एका गावी वर्षावास करतो. तीन महिने अंग टेकायचे नाही, असे त्याचे व्रत असते. महिनाभराने डोळे वाहू लागतात. वैद्य नाकात घालायचे तेल देतो. ते निजून घ्यायचे असते, थेर बसूनच घेतो. गुण येत नाही म्हणून वैद्य कुटीत येऊन पाहतो, तर तिथे चंक्रमणाची आणि बसण्याची जागा आहे, निजण्याची नाही. तो म्हणतो, माझे औषध घेतले असे कोणाला सांगू नका, मीही सांगणार नाही. पुढे एका रात्री थेराचे डोळे आणि क्लेश एकाच क्षणी नष्ट होतात. तो अंध होतो आणि अर्हतही.

गाथा येते ती त्यानंतरच्या प्रसंगात. श्रावस्तीला परतलेला थेर पाऊस पडून गेलेल्या रात्री चंक्रमण करतो आणि त्याच्या पायांखाली इंद्रगोप चिरडतात. आमच्याकडे मृगाचे म्हणतात तशाच या किड्यांची पहिल्या पावसानंतरची गर्दी. सकाळी इतर भिक्षू तक्रार करतात. बुद्ध विचारतात, त्याला मारताना तुम्ही पाहिले का? नाही. मग जसे तुम्ही त्याला पाहिले नाही, तसे त्याने किड्यांना पाहिले नाही. मारण्याची चेतना अर्हताच्या ठायी नसते.

इथवर कथा गाथेशी घट्ट बांधलेली आहे : मन पुढे नसेल, तर कृत्य पाप ठरत नाही. पण भिक्षू पुढे विचारतात, अर्हत होण्याची योग्यता असलेला हा माणूस अंध का झाला? उत्तर म्हणून पूर्वजन्म येतो. वाराणसीत हाच एक वैद्य होता. एका स्त्रीने, डोळे बरे झाले तर मुलांसह दासी होईन, असे वचन दिले. डोळे बरे झाल्यावर दास्याच्या भीतीने ती खोटेच म्हणाली की, दुखणे वाढले आहे. वैद्याने रागाने दुसरे अंजन दिले आणि तिची दृष्टी गेली. ते चाक आता बैलामागे आले आहे.

आमची अडचण येथे आहे. कथेचा पूर्वार्ध हेतूला कृत्याचे माप मानतो, उत्तरार्ध समोरच्या अपंगत्वाला जुन्या अपराधाची खूण मानतो. पहिल्याने माणूस आरोपातून सुटतो, दुसऱ्याने त्यात अडकतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही अडचण केवळ पुस्तकी वाटत नाही. डॉ. आंबेडकरांच्या १९५७ साली प्रकाशित झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात मनाला सर्वाच्या केंद्रस्थानी ठेवणे हे बुद्धाच्या शिकवणीचे पहिले वैशिष्ट्य मानले आहे, आणि त्याच ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त बुद्धाचा म्हणून स्वीकारायला नकार दिला आहे. ज्या समाजाला त्याची अवस्था पूर्वकर्माचे फळ म्हणून शतकानुशतके ऐकवली गेली, त्याला पहिली गाथा जवळची वाटते आणि तिच्या कथेचा शेवट परका. गाथा आणि अट्ठकथा यांत काही शतकांचे अंतर आहे, हे लक्षात ठेवले तर हा भेद अनादर ठरत नाही.

दुसरी कथा मट्ठकुंडलीची. त्याचा बाप 'अदिन्नपुब्बक', म्हणजे कधीच काही न दिलेला. सोनाराची मजुरी वाचवायला त्याने मुलासाठी कुंडले स्वतःच ठोकली. सोळाव्या वर्षी मुलाला कावीळ झाली, तेव्हा वैद्याला न बोलावता तो वैद्यांकडे नुसती चौकशी करून झाडाच्या साली आणत राहिला. मुलगा मरायला टेकल्यावर त्याने त्याला ओसरीवर निजवले, भेटायला येणाऱ्यांना घरातले धन दिसू नये म्हणून. तेथे मुलाला बुद्ध दिसले. हात जोडण्याइतकीही शक्ती नव्हती, त्याने केवळ मन प्रसन्न केले. मरून तो देव झाला. पुढे स्मशानात रडणाऱ्या बापासमोर तो आपल्या जुन्याच रूपात आला आणि रथाची चाके म्हणून चंद्र-सूर्य मागत रडू लागला. बाप त्याला वेडा म्हणाला. तो म्हणाला, दिसते ते मागणारा वेडा, की दिसतच नाही त्यासाठी रडणारा? हा संवाद विमानवत्थूत आणि जातकातही आहे, म्हणजे तो अट्ठकथेहून जुना आहे.

मराठी वाचकाने येथे 'प्रसन्न' शब्दाशी थबकावे. आपल्याला तो आनंदी चेहरा दाखवतो. पालीतला 'पसन्न' आधी गढूळ नसलेल्या पाण्याचा आहे, मग श्रद्धेने निवळलेल्या मनाचा. काविळीने मरणारा मुलगा आनंदी नव्हता, त्याचे मन निवळले होते.

दोन्ही कथांत वैद्य आहेत, आणि दोन्हींत देण्याघेण्याचा हिशेब बिघडतो. आमच्या रायगड जिल्ह्यात, राजपुरी खाडीजवळ कुड्याच्या लेण्यांत एक शिलालेख आहे. सोमदेव नावाच्या वैद्याने कुटुंबासह लेणे दान दिल्याचे तो सांगतो. बाप इसिरखित, तोही वैद्य आणि उपासक. लेखात त्यांच्या पूर्वजन्मांचा उल्लेख नाही, पापाचाही नाही. नाव, व्यवसाय, आप्त आणि दान एवढेच आहे. सावली मागे राहते ती अशी, असे आम्हांला तेथे उभे राहून वाटले.