सोन्याचा औंस, आपला तोळा आणि १० ग्रॅमचा घोळ

आज एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाबद्दल लिहितोय. उसाचं बिल जमा झालं की आपल्या सोमेश्वरनगर, निरा भागातली बरीच मंडळी बारामतीच्या सराफाकडे जातात. दुकानात विचारतात, "तोळ्याला काय भाव चाललाय?" फलकावर लिहिलेलं असतं 'प्रति १० ग्रॅम'. आणि त्याच वेळी मोबाईलवर जागतिक भाव बघितला, तर तो असतो डॉलर प्रति औंस. सोनं तेच, दिवस तोच, पण मापं तीन. ही तीन मापं आली कुठून आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय, हे नीट समजलं नाही तर आकडेमोड चुकते. गंमत म्हणजे, कधी कधी चुकूनही उत्तर बरोबर असल्यासारखं दिसतं. ते कसं, हे शेवटी एका उदाहरणात बघू.

औंस दोन, पण ग्रेन एकच

पहिली गोष्ट म्हणजे सोन्याचा औंस हा किराणा मालाचा औंस नाही. पाककृतीत किंवा परदेशी पाकिटावर लिहिलेला औंस २८.३५ ग्रॅमचा असतो. सोनं, चांदी, प्लॅटिनम ज्यात मोजतात तो 'ट्रॉय औंस' ३१.१०३५ ग्रॅमचा असतो. म्हणजे जवळजवळ पावणेदहा टक्क्यांनी जास्त.

ही दोन्ही वजनं एकाच बारीक वजनावर उभी आहेत. त्याचं नाव ग्रेन, म्हणजे धान्याचा दाणा. साधा औंस ४३७.५ ग्रेनचा, ट्रॉय औंस ४८० ग्रेनचा. आपल्याकडे हेच काम गुंजेनं केलं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. नाजूक तब्येतीला आपण 'प्रकृती तोळामासा' म्हणतो, ते शब्द याच तराजूतून आलेत.

ट्रॉय हे नाव फ्रान्समधल्या ट्रुआ या शहराच्या जत्रेवरून आलं असं साधारणपणे मानलं जातं. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात, १५२७ साली, टाकसाळीतलं जुनं 'टॉवर' वजन बंद करून ट्रॉय वजन आणलं गेलं. त्यानंतर इंग्लंडची नाणी याच वजनात मोजली गेली. आयझॅक न्यूटन लंडनच्या टाकसाळीचे प्रमुख होते हे तुम्हाला माहीत असेल. १७१७ साली सोन्याचा जो अधिकृत दर ठरला, तोसुद्धा ट्रॉय औंसावरच होता. पुढे १८७८ च्या ब्रिटिश कायद्यानं ट्रॉय पौंड रद्द केला, पण ट्रॉय औंस मात्र मौल्यवान धातूंसाठी राहू दिला. १२ सप्टेंबर १९१९ ला लंडनमध्ये रोजचा सोन्याचा भाव एकत्र ठरवायची पद्धत सुरू झाली. पहिला भाव निघाला ४ पौंड १८ शिलिंग ९ पेन्स, एका शुद्ध ट्रॉय औंसाला. यातला 'शुद्ध' हा शब्द महत्त्वाचा आहे. विटेत भेसळ धातू किती ते वजा करून उरलेल्या सोन्याचा तो भाव असतो.

आज लंडनच्या बाजारातली प्रमाणित वीट साधारण ४०० औंसांची, म्हणजे साडेबारा किलोच्या आसपास असते. न्यूयॉर्कचा मुख्य वायदा १०० औंसांचा. चलनांच्या आंतरराष्ट्रीय यादीत सोन्याला XAU असं चिन्ह आहे आणि त्याचा अर्थही एक ट्रॉय औंस. विटा, करार, जुन्या किमतींच्या नोंदी असं सगळंच औंसात बांधलेलं असल्यामुळे ग्रॅमवर जाण्याची घाई कोणालाच नाही.

आपला तोळाही ट्रॉयच होता

आता खरी मजेची गोष्ट. आपण समजतो की औंस साहेबाचा आणि तोळा आपला. तोळा जुना आपलाच, पण त्याचं पक्कं वजन मात्र ट्रॉय मापात ठरलं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या भागात अंकुशी, चांदवडी असे कितीतरी प्रकारचे रुपये चालायचे. प्रत्येकाचं वजन आणि कस थोडा वेगळा. सराफ हा शब्दच मुळात नाणी पारखून बदलून देणाऱ्यासाठी आहे. रुपया आणि तोळा यांचं नातं जवळचं, त्यामुळे रुपया बदलला की तोळाही थोडा सरकायचा. ईस्ट इंडिया कंपनीला एवढ्या रुपयांचा हिशोब नको होता. टाकसाळीत धातूचा कस तपासणारे जेम्स प्रिन्सेप (हो, ब्राह्मी लिपी वाचणारे तेच) यांनी वजनांची नवी रचना सुचवली आणि १८३३ च्या सातव्या रेग्युलेशननं तोळा १८० ग्रेनचा ठरला. १८३५ च्या कायद्यानं याच वजनाचा एकच रुपया कंपनीच्या सगळ्या मुलखात लागू झाला, त्यात मुंबई इलाखाही आला.

१८० ग्रेनच का? ४८० ला १८० नं ताडून बघा. तोळा म्हणजे ट्रॉय औंसाचे बरोबर तीन अष्टमांश. म्हणजे ८ तोळे = ३ ट्रॉय औंस, अपूर्णांक न उरता. पुढे जा: ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण धरला, तर मण होतो ५,७६,००० ग्रेन, म्हणजे बरोबर १०० ट्रॉय पौंड. हा योगायोग नव्हे. नाव देशी ठेवून माप लंडनशी जुळवलं होतं.

ग्रॅममध्ये हा तोळा ११.६६३८ येतो. पडताळा घरी घेता येतो. अनेक घरांत देव्हाऱ्यात किंवा पेटीत राणीछाप रुपया असतो. प्रयोगशाळेतल्या तराजूवर तो ठेवा. कोरा असेल तर ११.६६ च्या जवळ दाखवेल, झिजलेला असेल तर थोडं कमी. तो रुपया म्हणजे एक तोळ्याचं वजनच होतं.

तोळा गेला, शब्द राहिला

१९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानं दशमान पद्धत आली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्यानं लागू झाली. सराफाच्या तराजूत ग्रॅम आला. पण तोंडातला तोळा गेला नाही, त्याचं फक्त वजन बदललं. ११.६६ ग्रॅमचा तोळा हळूहळू १० ग्रॅमचा झाला, कारण हिशोबाला १० सोपे.

जुना तोळा सगळ्यात जास्त टिकला तो मुंबईच्या चोरट्या बाजारात. स्वातंत्र्यानंतर सोन्याच्या आयातीवर बंधनं होती. १९६३ चे सुवर्ण नियंत्रण नियम आणि १९६८ चा कायदा यांनी ती आणखी आवळली. त्या काळात दुबईहून मुंबईच्या किनाऱ्यावर जे 'सोन्याचं बिस्कीट' यायचं, ते १० तोळ्यांचं असायचं. वजन ११६.६४ ग्रॅम, म्हणजे बरोबर पावणेचार ट्रॉय औंस. भाव औंसात, गिऱ्हाईक तोळ्यात, आणि दोघांत अपूर्णांकाचा त्रास नाही. देश ग्रॅमवर गेला तरी बिस्कीट १८३३ च्याच मापात राहिलं. १९६८ चा तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला.

घरातल्या व्यवहारात हा फरक खरोखर पैशाचा आहे. धरा, आजीच्या पाटल्यांची १९५० ची पावती आहे आणि त्यावर '५ तोळे' लिहिलंय. ते आजच्या ५० ग्रॅमचे समजलात तर चुकलात. ते ५८.३ ग्रॅम होते. वाटणीच्या वेळी कोणी ५० ग्रॅम पुढे ठेवून "पाच तोळे पुरे" म्हणालं, तर आठ ग्रॅमहून जास्त सोनं शब्दातच हरवतं. म्हणून जुनी पावती वाचताना आधी तारीख बघायची, मग वजन.

चुकीचं गणित, बरोबर दिसणारं उत्तर

आता सुरुवातीला म्हटलेलं उदाहरण. भाव ३,००० डॉलर प्रति औंस आणि डॉलर ८५ रुपयांना धरू. एक औंस पडला २,५५,००० रुपयांना. ३१.१०३५ नं भागून १० नं गुणलं की १० ग्रॅमला ८१,९८४ रुपये. यावर ६ टक्के आयात शुल्क (जुलै २०२४ पासूनचा दर) आणि मग ३ टक्के जीएसटी लावला की ८९,५१० रुपये. घडणावळ सोडून दुकानातला भाव साधारण असा बसतो.

आता एखाद्यानं चुकून साधा औंस घेतला. २,५५,००० भागिले २८.३५, गुणिले १०, म्हणजे ८९,९४७ रुपये. कर लावायचाही तो विसरला. तरी त्याचं उत्तर खऱ्या भावापासून फक्त अर्ध्या टक्क्यानं चुकलं! दुकानातल्या फलकाशी ताडून बघितलं, तर त्याला वाटणार आपलं गणित बरोबर आहे.

कारण दोन्ही औंसांतला फरक ९.७ टक्क्यांचा, आणि शुल्क व जीएसटी मिळून होतात ९.२ टक्के. एका चुकीनं दुसरी झाकली.

ही चूक पकडायची कशी? शुल्क वेगळं असलेला काळ घ्या. जुलै २०२४ च्या आधी शुल्क १५ टक्के होतं. २,००० डॉलर आणि ८३ रुपये धरून त्या काळाचं गणित करा. बरोबर रीतीनं येतात ६३,२१७ रुपये आणि चुकीच्या रीतीनं ५८,५५४. साडेचार हजारांहून जास्त फरक लगेच दिसतो. दुसरा मार्ग आणखी सरळ: कराआधीचा आकडा कराआधीच्याच आकड्याशी ताडा. सीमाशुल्क विभाग शुल्क आकारणीसाठी सोन्याचं मूल्य डॉलर प्रति १० ग्रॅम असं वेळोवेळी जाहीर करतो. ३,००० डॉलरच्या औंसाला ते ९६४.५ च्या आसपास हवं. तुमचं उत्तर १,०५८ आलं, तर औंस चुकलाय.

सोन्याच्या किमतींची जुनी मालिका घेऊन काम करणार असाल तर तक्त्यात भावाशेजारी तीन रकाने ठेवाच: एकक कोणतं, शुद्धता किती, कर धरलाय की नाही. आणि १९५८ च्या आधीच्या मराठी कागदावर 'तोळा' दिसला, तर ११.६६३८ नं गुणा, १० नं नाही.