‘वासरमान होकारार्थी’ : एका जातीच्या कागदाचें प्रामाण्य

जुन्या दप्तरांच्या संग्राहकांस आतां विसाव्या शतकांतील कागदहि हातीं घ्यावे लागतात. मोडी पत्रें, वतनाचे तंटे, कापसाच्या आडतीचे हिशेब यांच्यांतच एखाद्या दवाखान्याची चिठ्ठी निघते व तिजवर एवढेंच लिहिलेलें असतें कीं, ‘वासरमान होकारार्थी’. मूर्तिजापूरच्या एखाद्या घराण्याच्या दप्तरांत इ. स. १९३५ च्या सुमाराची अशी चिठ्ठी सांपडली असें आपण धरूं. संग्राहक यादींत काय लिहील? बहुधा ‘गृहस्थास उपदंश झाल्याचा पुरावा’ असें. आमचें म्हणणें असें कीं, हा निष्कर्ष त्या कागदांतून निघत नाहीं. आणि तो छापला गेल्यास मृताच्या चारित्र्यावर व त्याच्या वंशजांवर जो डाग पडेल तो पुसणें अवघड जाईल.

रोगाचें नांव जुनें आहे. सोळाव्या शतकांतील ‘भावप्रकाश’ ग्रंथांत ‘फिरंग’ नांवाचा रोग वर्णिला असून फिरंग्यांच्या संसर्गानें तो होतो असें सांगितलें आहे व त्यावर चोपचिनी दिली आहे. आपले लोक त्यास ‘गरमी’ म्हणत. तथापि रक्त तपासून त्याचें निदान करण्याची रीत इ. स. १९०६ सालीं बर्लिन येथें वासरमान, नायसर व ब्रुक यांनीं काढली, आणि घोटाळ्याचें मूळ त्या रीतींतच आहे.

ती रीत अशी. रोग्याच्या रक्ताची निवळ घेऊन ती तापवावयाची, म्हणजे तिच्यांतील ‘पूरक’ द्रव्य नाहींसें होतें. नंतर तींत एक अर्क व गिनीपिगाच्या रक्तांतील मोजून घेतलेलें पूरक घालावयाचें. निवळींत अर्काशीं जुळणारीं प्रतिद्रव्यें असलीं तर तीं अर्काशीं मिळून पूरक खाऊन टाकतात. शेवटीं मेंढीच्या तांबड्या पेशी त्या फोडणाऱ्या निवळीसह घालतात. पूरक उरलें असेल तर पेशी फुटून द्रव लाल होतो. तें खर्चलें असेल तर पेशी अखंड राहून तळाशीं बसतात. हाच ‘होकार’ होय.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, तो अर्क कशाचा? प्रथम तो उपदंशानें मेलेल्या गर्भाच्या यकृताचा घेत, कारण तेथें जंतु विपुल असतात अशी समजूत होती. पण लवकरच असें आढळलें कीं, गिनीपिगाच्या निरोगी हृदयाच्या अर्कानेंहि परीक्षा तितकीच उतरते. म्हणजे ही परीक्षा जंतूची नव्हतीच. पुढें इ. स. १९४१ सालीं मेरी पँगबॉर्न यांनीं गाईच्या हृदयांतून तें द्रव्य वेगळें काढलें. तें ‘कार्डिओलिपिन’ नांवाचें स्निग्ध द्रव्य असून प्राण्यांच्या पेशींतील श्वसनकणांच्या आवरणांत असतें. इ. स. १९४६ पासून रूढ झालेली व्ही. डी. आर. एल. परीक्षाहि त्याच द्रव्यावर उभी आहे.

तेव्हां रक्तांत ‘होकार’ मिळाला याचा खरा अर्थ एवढाच कीं, त्या मनुष्याच्या रक्तांत या द्रव्याविरुद्ध प्रतिद्रव्यें आहेत. उपदंशांत तीं उत्पन्न होतात, कारण जंतूच्या अंगीं तशीं द्रव्यें असतात व मोडलेल्या पेशींतूनहि तीं बाहेर पडतात. परंतु पेशी मोडणारा अथवा प्रतिद्रव्यांची यंत्रणा सरसकट चेतवणारा दुसरा रोगहि हेंच करूं शकतो. हिंवताप, कांहीं विषाणुजन्य ज्वर व गर्भारपण यांत असा होकार मिळतो. पण तो अल्पकालिक असून बहुधा सहा महिन्यांच्या आंत ओसरतो. कुष्ठरोगांत व शरीराची प्रतिकारशक्ति स्वतःवरच उलटते अशा विकारांत तो वर्षानुवर्षें टिकतो.

वऱ्हाडाच्या दृष्टीनें यांत कुष्ठरोगाचें स्थान विशेष आहे. या प्रांतांत रक्तपितीचे रोगी पुष्कळ होते. अमरावतीस शिवाजीराव पटवर्धन यांनीं इ. स. १९४६ सालीं तपोवन स्थापिलें तें याच दुःखावर. रोगाच्या ज्या प्रकारांत जंतु शरीरभर पसरतात त्यांत प्रतिद्रव्यें सैरावैरा वाढतात व वासरमानचा होकार वारंवार मिळतो. अशा रोग्यास एका कलंकावर दुसरा कलंक सोसावा लागे. आणि दोन्ही रोगांत त्वचेवर चट्टे उठत असल्यामुळें वैद्यासहि संशय घ्यावयास जागा नसे.

खऱ्या-खोट्याची निवड करण्यास जंतूचीच परीक्षा हवी होती. ती इ. स. १९४९ सालीं नेल्सन व मेयर यांनीं दिली. सशाच्या वृषणांत वाढविलेले जिवंत जंतु निवळींत सोडून ते निश्चल होतात कीं काय हें ते पाहात. या परीक्षेनें पूर्वीचे कित्येक होकार खोटे ठरले. तेव्हांच बाल्टिमोर येथील मूर प्रभृतींस दिसून आलें कीं, दीर्घकाळ खोटा होकार देणाऱ्यांपैकीं कांहींजण पुढें ‘ल्यूपस’ रोगानें आजारी पडतात. म्हणजे खोटा होकारहि निरर्थक नव्हता; तो दुसऱ्या रोगाची आगाऊ सूचना होता. ही परीक्षा खर्चाची व किचकट असल्यानें पुढें जंतूचे अंश तांबड्या पेशींवर चढवून केलेली टी. पी. एच. ए. परीक्षा रूढ झाली.

आतां एक साधा हिशेब करूं. गांवांतील एक हजार माणसें तपासलीं व त्यांत दहांना खरोखर उपदंश आहे असें धरा. उरलेल्या नऊशें नव्वदांत शेंकडा एक खोटा होकार आला, तरी ते दहा होतात. म्हणजे प्रत्येक दोन होकारांत एक खोटा. रोग जितका विरळ, तितका होकार कमी विश्वासार्ह.

सांप्रतच्या रीतीनें पहिली परीक्षा होकारार्थी व दुसरी नकारार्थी आली, तर बहुधा खोटा होकार समजतात. त्यांत निवळ दुप्पट दुप्पट पातळ करीत गेल्यास होकार एकास आठ या प्रमाणापलीकडे क्वचित् टिकतो. मात्र मर्यादा दोन आहेत. रोग अगदीं नवा असेल तर दुसरी परीक्षा मागें राहूं शकते. म्हणून कांहीं आठवड्यांनीं दोन्ही पुन्हां करतात. शिवाय होकार बळकट असून तो खोटा निघाल्याचीं उदाहरणें आहेत. एकट्या प्रमाणावर निकाल देतां येत नाहीं.

मूर्तिजापूरच्या चिठ्ठीकडे परत येऊं. ती इ. स. १९४९ पूर्वीची असल्यानें जंतूची परीक्षा होणें शक्यच नव्हतें. तेव्हां त्याच दप्तरांत पाहावें : त्या साली घरांत हिंवताप होता काय? रोग्यास कुष्ठाचे चट्टे होते काय? चिठ्ठी बाळंतपणाच्या सुमाराची आहे काय? पुन्हां केलेल्या परीक्षेचा कागद आहे काय? पारा, ‘सालव्हर्सान’ वा बिस्मथ दिल्याची नोंद आढळली, तरी तींतून वैद्याचा समज काय होता एवढेंच कळेल; रोग कोणता होता हें कळणार नाहीं.

सनदेवरील शिक्का अस्सल आहे एवढ्यानें सनद अस्सल ठरत नाहीं, हें आपणां संशोधकांस सांगावयास नको. आमची सूचना एवढीच कीं, यादींत ‘वासरमान परीक्षा होकारार्थी, पुष्टि-परीक्षेचा पुरावा नाहीं’ असें लिहावें. कागदानें जेवढें सांगितलें तेवढेंच त्यांत येतें, आणि मृतावर अन्याय होत नाहीं.