इअरफोन : आवाजाची कमाल मर्यादा व श्रवणसुरक्षेची सूचना

मोबाइल फोनमधून इअरफोनवर पोचणाऱ्या आवाजाला घातलेली वरची हद्द, तसेच ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त ऐकणे झाल्यावर फोन जी सूचना देतो आणि आवाज आपणहून उतरवतो ती व्यवस्था. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वापरणारा स्वतः लावतो, दुसरी फोन मागच्या दिवसांचा हिशेब ठेवून चालवतो. ‘आवाज सारखा कमी होतो’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्याच्या फोनवर यांपैकी कोणती चालू आहे हे पाहायला आवाजाची पट्टी पुरते. पट्टीच खाली सरकली असेल तर सुरक्षा-सूचनेने आवाज उतरवला आहे. पट्टी पूर्ण वर असूनही गाणे दबलेले वाटत असेल, तर बहुधा कमाल मर्यादेचा पर्याय चालू आहे.

पूर्वेतिहास. फ्रान्सने १९९६च्या कायद्याने खिशातल्या संगीत-उपकरणांना १०० डेसिबलची मर्यादा घातली. २००२ साली आयपॉड याच कारणाने तेथील दुकानांतून काही काळ मागे घ्यावा लागला. युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २००८ मध्ये मत दिले, की रोज तासाभराहून अधिक वेळ मोठ्या आवाजात पाच वर्षे ऐकणाऱ्यांपैकी ५ ते १० टक्क्यांना कायमच्या बहिरेपणाचा धोका आहे. त्यानंतर युरोपीय मानकांत ‘सुरुवातीला ८५, सूचना मान्य केल्यास जास्तीत जास्त १००’ अशी दोन पायऱ्यांची रीत आली. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांचे संयुक्त मानक, एच.८७०, २०१८चे आहे.

विद्युतदाबाची मर्यादा. कानात किती डेसिबल पोचतात हे फोन मोजत नाही. तो तारेवर किती विद्युतदाब सोडतो एवढेच त्याला ठाऊक असते, म्हणून युरोपीय मानक ईएन ५०३३२च्या दुसऱ्या भागाने मर्यादेची वाटणी फोन आणि इअरफोन यांच्यात केली. फोनने १५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त सोडायचे नाही. इअरफोनने ९४ डेसिबल गाठायला किमान ७५ मिलिव्होल्ट घ्यायचे. दाब दुप्पट झाला की ६ डेसिबल वाढतात, त्यामुळे दोघांनी आपापली अट पाळली तर बेरीज १००च्या वर जात नाही. सूचनेआधीची पायरी २७ मिलिव्होल्टची आहे. तेवढ्या दाबाला ७५ मिलिव्होल्टचा इअरफोन सुमारे ८५ डेसिबल देतो.

हे सारे आकडे प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणी-आवाजाचे आहेत. प्रत्यक्ष वापरात इअरफोन बदलला की गणित बदलते. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत वापरतात तसा जड हेडफोन ९४ डेसिबलसाठी १५० मिलिव्होल्ट मागत असेल, तर २७ मिलिव्होल्टला तो ७९च देईल. अशा माणसाला फोन विनाकारण सूचना देतो आणि त्याचे वैतागणे रास्त आहे. उलट थोड्याशा दाबात मोठ्याने वाजणारी कानात खोचायची बोंडे असतील, तर फोनच्या हिशेबात सारे ठीक दिसत असताना कानावर जास्त पडत असते. रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त इअरफोनच्या वेष्टनावर ही संवेदनशीलता छापलेली असली तरी ती कशी मोजली हे लिहिलेले नसते. ब्लूटूथवर तर फोन केवळ अंक पाठवतो. त्यांचा आवाज किती करायचा हे इअरफोनमधला परिपथ ठरवतो. उत्पादकाने स्वतःचेच इअरफोन ओळखण्याची सोय फोनमध्ये केली असेल तेथे आकडा बराच विश्वासार्ह असतो, अन्यत्र तो अंदाज समजावा.

साप्ताहिक मात्रा. एच.८७०नुसार प्रौढ व्यक्तीची आठवड्याची मात्रा ८० डेसिबलला ४० तास एवढी आहे. मुलांसाठी व नाजूक कानांसाठी हाच कालावधी ७५ डेसिबलला धरतात. पातळी ३ डेसिबलने वाढली की परवानगीचा वेळ निम्मा होतो : ८३ला २० तास, ८६ला १०, ८९ला ५. याच सूत्राने ९० डेसिबलला आठवड्याचे ४ तास आणि १००ला अवघी २४ मिनिटे येतात.

ठाण्याहून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लोकलने रोज ये-जा करणारा एक नोकरदार धरू. जाताना ४० मिनिटे, येताना ४० मिनिटे. डब्यातल्या खडखडाटावर मात करायला तो आवाज चढवतो आणि पातळी ९० डेसिबलला येते. रोजची ८० मिनिटे धरता बुधवारी घरी पोचेपर्यंत २४० मिनिटे, म्हणजे आठवड्याची पूर्ण मात्रा संपते व सूचना येते. त्याने ती बाजूला सारून आवाज पुन्हा चढवला, तर शुक्रवारी रात्री हिशेब १६७ टक्क्यांवर जातो. पुढच्या सोमवारी पाटी कोरी होईल असे त्याला वाटते, पण तसे होत नाही. हिशेब सोमवार ते रविवार असा नसून मागच्या सलग सात दिवसांचा असतो. नव्या सोमवारची ८० मिनिटे आत येतात तेव्हा जुन्या सोमवारची ८० बाहेर पडतात, आणि आकडा १६७वरच राहतो. सूचना ‘पुन्हापुन्हा’ येते ती यामुळे. फोन बिघडला असे समजून तो पुन्हा सुरू करण्यात अर्थ नाही. हाच प्रवास ८५ डेसिबलला केला तर आठवड्याची ४०० मिनिटे सुमारे ७६० मिनिटांच्या मात्रेत बसतात आणि निम्म्याहून थोडी जास्तच खर्ची पडते. पाच डेसिबल सोडायचे असतील तर कान नीट बंद करणारी रबरी बोंडे किंवा बाहेरचा गोंगाट कापणारे हेडफोन लागतात. नाहीतर डब्यातला आवाज माणसाला पुन्हा वर ढकलतो.

अँड्रॉइड. जुनी पद्धत ढोबळ होती. इअरफोन लावून सुरक्षित पायरीच्या वर आवाज नेला की मोठ्या आवाजात दीर्घकाळ ऐकल्यास श्रवणशक्तीला इजा होऊ शकते असे सांगणारी चौकट येते. ‘ठीक’ दाबल्यावर फोन त्या पायरीच्या वर वाजलेला वेळ मिनिटामिनिटाने जमा करतो, तो २० तास झाला की आवाज परत सुरक्षित पायरीवर आणतो आणि तीच चौकट पुन्हा दाखवतो. किती डेसिबल होते याला येथे किंमत नाही. पायरीच्या एक खूण वर आणि अगदी टोकाला, दोन्ही सारखेच मोजले जाते. ही व्यवस्था चालू ठेवायची की नाही हे फोन सिमकार्डाच्या देशसंकेतावरूनही ठरवतो, म्हणून परदेशी सिम घातल्यावर वागणूक बदललेली दिसू शकते. अँड्रॉइड १४पासून वर सांगितलेला साप्ताहिक मात्रेचा हिशेब आला. तो किती फोनांत चालू आहे हे उत्पादकावर अवलंबून आहे.

कमाल मर्यादा लावण्याची सोय सॅमसंगच्या फोनांत `Settings` → `Sounds and vibration` → `Volume` येथे, वरच्या तीन ठिपक्यांखाली `Media volume limit` या नावाने आहे. तिला पिनचे कुलूप घालता येते. मुलाच्या हातात फोन देणाऱ्याने ते घालावे, कारण पिनशिवायची मर्यादा पोरे दोन मिनिटांत काढतात.

आयफोन. `Settings` → `Sounds & Haptics` → `Headphone Safety` येथे `Reduce Loud Audio` चालू केले की ७५ ते १०० डेसिबलची पट्टी मिळते. जुन्या आवृत्त्यांत नाव `Reduce Loud Sounds` असे होते. पट्टी ८५वर ठेवली तर फोन वाजणाऱ्या गाण्याची पातळी सतत तपासतो आणि वर जाणारा भागच दाबतो. परिणामी हळू सुरू होणारी बंदिश तशीच राहते, मात्र तबल्याची थाप किंवा ढोल-ताशाचा कडाका बोथट होतो. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना हे खटकते. त्यांनी हा पर्याय बंद ठेवून आवाजच कमी करणे बरे. पालकांसाठी `Screen Time`मधील `Content & Privacy Restrictions` येथे या मर्यादेत बदल करण्यास मनाई करता येते.

त्याच पानावरची `Headphone Notifications` ही साप्ताहिक सूचना. मात्रा संपली की ती येते व पुढचा आवाज खाली उतरतो. वापरणारा तो परत वाढवू शकतो. काही देशांत ती बंद करण्याची मुभा नाही. नियंत्रण-केंद्रात कानाचे चिन्ह जोडले तर चालू क्षणाची पातळी दिसते. आवाजाची पट्टी कुठे ठेवल्यावर किती डेसिबल होतात हे समजून घ्यायला एवढे साधन पुरते.

चुकीची ओळख. मोटारीतला स्टिरिओ किंवा घरातला ब्लूटूथ स्पीकर फोनने हेडफोन समजून धरला, तर खोलीभर पसरणारा आवाजही कानाच्या खात्यात जमा होतो आणि रस्त्यात गाणे अचानक मंदावते. आयफोनवर `Settings` → `Bluetooth` येथे त्या उपकरणापुढील गोल खुणेत जाऊन `Device Type` हे `Car Stereo` किंवा `Speaker` करावे. नव्या अँड्रॉइडच्या अनेक फोनांतही ब्लूटूथ उपकरणाच्या पानावर प्रकार निवडता येतो.

मतभेद. ३ डेसिबलला वेळ निम्मा धरायचा की ५ला, यावर देशोदेशीच्या नियमांत एकवाक्यता नाही. भारतातील कारखान्यांचे आदर्श नियम ९० डेसिबलला दिवसाचे ८ तास चालवून घेतात. फोनच्या हिशेबात तसा पाच दिवसांचा आठवडा मात्रेच्या दसपट भरतो. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये इअरफोन ५० डेसिबलपर्यंतच व दिवसाला जास्तीत जास्त दोन तास वापरावेत असा सल्ला दिला. ५० डेसिबल ही पातळी साध्या बोलण्याहूनही खालची आहे.

संगणक. अशी साप्ताहिक सूचना सर्वसाधारणपणे नसते.

हिशेबाबाहेरचे. आयफोनची साप्ताहिक सूचना केवळ गाणी, चित्रफिती यांसारखे माध्यम मोजते. फोनवरचे बोलणे तीत धरले जात नाही. लग्नाच्या मिरवणुकीतला डीजे, गिरणी, दुचाकीचा वारा यांची नोंद कोणत्याच फोनच्या मात्रेत नसते. आवाजाने होणारी इजा बहुधा ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यात आधी दिसते आणि बोलणे ऐकू येत असल्याने ती लक्षात येत नाही. इअरफोन काढल्यावर कानात गुणगुण राहत असेल किंवा काही वेळ ऐकू कमी येत असेल, तर फोनचा आकडा काहीही सांगो, आवाज कमी करून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे श्रवणतपासणी करून घ्यावी.