वरळीच्या रिकाम्या खोल्या

वासिष्ठीच्या मुखाशी दक्षिण तीरावर अंजनवेल आणि उत्तर तीरावर दाभोळ अशी दोन गावे समोरासमोर वसलेली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या टापूतील तरुण आगबोटीने मुंबईस जाऊन गिरणीत लागू लागले. त्यांच्या बोलण्यात ‘घर’ आणि ‘खोली’ या दोन शब्दांची गल्लत सहसा होत नाही. घर गावास असते. मुंबईत असते ती खोली, फार तर बिऱ्हाड. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. स्वस्त आणि दूरचे घर त्याच्यापाशी आधीपासूनच होते. बायकामुले व शेतीचा तुकडा तेथे होता. मुंबईत त्याला हवी होती ती कामाजवळची जागा, आणि तिच्यासाठी तो जादा भाडे देत असे. या निवडीमागे कोणता हिशेब होता, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

या हिशेबाची एक मोठी परीक्षा सरकारनेच नकळत घेतली. 1920 मध्ये मुंबई विकास खाते स्थापन झाले आणि त्याने नायगाव, डिलाईल रोड, शिवडी व वरळी येथे कामगारांसाठी सिमेंट काँक्रीटच्या चाळी उभारल्या. एकूण 207 चाळींपैकी 121 एकट्या वरळीस होत्या. जमीन मोकळी होती, भाडेही पुढे उतरविण्यात आले. तरीही वरळीच्या खोल्या वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणावर रिकाम्या राहिल्या. इतक्या की 1930 च्या सविनय कायदेभंगात सत्याग्रहींना कोंडण्यासाठी त्यांतील काही चाळींचा तात्पुरता तुरुंग करता आला. उलट परळ-लालबागच्या जुन्या, अंधाऱ्या चाळींत एकेका खोलीत आठ-दहा माणसे दाटीने राहत होती. कामगारांचे अज्ञान व कोंदट जागेची सवय हे याचे कारण म्हणून पुढे करणे सोपे आहे. मला ते पटत नाही.

एक कल्पित पण तत्कालीन परिस्थितीला धरून असलेले उदाहरण घेऊ. गिरणीजवळच्या खोलीचे भाडे आठ रुपये, वरळीस पाच. खोलीत एका गावचे आठ गडी राहतात. दर माणशी महिन्याची बचत झाली सहा आणे. आता ट्रामचे भाडे एका बाजूस एकच आणा धरले, तरी सव्वीस दिवसांच्या जाण्यायेण्याचे तीन रुपये चार आणे होतात. म्हणजे आठ जणांनी मिळून वाचविलेल्या रकमेहून एकट्या माणसाचा प्रवास महाग. मग पायीच जावे. परंतु पायी जाणाऱ्याचा हिशेब आणाऱ्यात नव्हे, वेळेत करावा लागतो, आणि तेथे ‘बदली’ हा शब्द आडवा येतो.

मूळ अरबी असलेल्या या शब्दाचा सरकारी कचेरीतील अर्थ स्थलांतर. गिरणीत मात्र ‘बदली’ म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी त्या दिवसापुरता लागणारा माणूस. काम आहे की नाही, हे त्याला पहाटे दरवाजाशी उभे राहिल्यावरच कळे. जॉबरने हाक मारली तर काम, नाही तर परत. 1935 मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदल्यांना नोंदणीपत्रे देण्याची पद्धत सुरू केली. तरी सकाळची हजेरी चुकली नाही. त्या काळी दिवसाची मजुरी रुपयाहून थोडीशीच अधिक असे. म्हणजे उशिरामुळे एक दिवस गेला की दूरच्या खोलीची जवळजवळ तीन महिन्यांची बचत बुडाली. शिवाय काम न मिळाल्यास दुपारी दुसऱ्या गिरणीचा दरवाजा गाठणे हे परळात राहणाऱ्यालाच शक्य होते.

आणखी एक गोष्ट भाड्याच्या आकड्यात दिसत नाही. जेवण खानावळीत किंवा गाववाल्याच्या बिऱ्हाडात, तेही बरेचदा महिन्याच्या उधारीवर. वाणी ओळखीचा, जॉबर कित्येकदा त्याच आळीतला. गावकीच्या खोलीत एखाद्याचे काम सुटले तर त्याचा वाटा इतर गडी काही काळ भरीत. ही पत वरळीस नेता येत नव्हती; तेथे भाडे स्वस्त, पण उधार देणारा कोणी नाही. जवळच्या खोलीचे जादा तीन रुपये हे अशा रीतीने निम्मे भाडे आणि निम्मा विमा होते. यात हाल नव्हते असे नव्हे. बायकोमुलांना आणण्यास जागा नाही, हीच त्या निवडीची खरी किंमत, आणि ती अंजनवेलसारख्या गावांतील घरांनी भरली.

पुढे 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली. जवळची खोली भाड्याने स्वस्त राहिली, पण नव्याने येणाऱ्याला ती पगडी दिल्यावाचून मिळेना. निवडीची किंमत दरमहाऐवजी एकरकमी झाली. ज्याच्यापाशी ती रक्कम नव्हती तो लोकलच्या मार्गाने उत्तरेस सरकत गेला. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा ज्या दरवाजासाठी जवळ राहावयाचे तो दरवाजाच उरला नाही. अनेक कुटुंबे नालासोपारा, विरार, डोंबिवलीकडे गेली. काहींनी लालबागची खोली विकून तिकडे पहिल्यांदाच स्वतःची जागा घेतली, आणि तिला ते ‘घर’ म्हणू लागले.