बेबाकी : पदवी तारण कशी झाली

सोसायटीचं पीककर्ज फिटलं की सचिवाकडून एक कागद मागून घ्यावा लागतो. तो नसेल तर दुसरी बँक दारात उभं करत नाही. आमच्या धाराशिवकडे जुनी माणसं या कागदाला ‘बेबाकी’ म्हणतात. ‘बाकी’ म्हणजे उरलेलं देणं, आणि ‘बे’ म्हणजे नसलेलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तुम्ही जो नो ड्यूजचा फॉर्म घेऊन टेबलं फिरता, तो याच कागदाचा शिकलेला भाऊ आहे.

‘बाकी’ हा शब्द मराठी दप्तरांत शतकानुशतकं आहे. पण धाराशिव जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा. त्यामुळे हे शब्द इथे जास्त घट्ट रुतून बसले. उर्दूत यातली एक गंमत आहे. ‘बेबाक’ असे दोन शब्द आहेत आणि लिहिताना फक्त शेवटचं अक्षर बदलतं. एकाचा अर्थ निर्भीड, दुसऱ्याचा अर्थ देणं पूर्ण फिटलेलं. मराठीत दोन्ही सारखेच लिहिले जातात. ज्याचं देणं राहिलं नाही तो बेबाक, आणि जो घाबरत नाही तोही बेबाक.

असाच दुसरा शब्द ‘फारखत’. देणं फिटलं, आता माझा तुझ्यावर दावा नाही, असं सावकारानं लिहून द्यायचं ते पत्र. आज आपण ‘फारकत घेतली’ म्हणतो ते नवरा-बायकोच्या संदर्भात, पण मूळ कल्पना हिशेब मिटवून मोकळं करण्याचीच. म्हणजे नो ड्यूज ही कॉलेजनं काढलेली नवी कटकट नाही. हिशेबाच्या जगातली फार जुनी रीत कॉलेजात आली आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. सावकार जमिनीचा कागद अडवायचा, कारण जमीन तारण असायची. कॉलेज पदवीचा कागद कसा काय अडवतं? पदवी कधी तारण ठेवली होती?

पेटीतली पुस्तकं

उत्तरासाठी थोडं लांब, तेराव्या शतकातल्या ऑक्सफर्डला जावं लागतं. तिथे गरजू विद्यार्थ्यांना कर्ज देण्यासाठी दानशूर लोकांनी पैशांच्या पेट्या ठेवल्या होत्या. पैसे हवे असतील तर पेटीत काहीतरी तारण ठेवायचं. विद्यार्थ्याकडे मौल्यवान असं काय असणार? हातानं लिहिलेलं पुस्तक. या तारणाला लॅटिनमध्ये ‘कॉशिओ’ म्हणत. जुन्या हस्तलिखितांच्या कोऱ्या पानांवर आजही नोंदी सापडतात : अमक्यानं अमक्या पेटीत, अमक्या दिवशी, इतक्या रकमेसाठी हे ठेवलं.

तुमच्या प्रवेशाच्या पावतीवर ‘कॉशन मनी’ असं लिहिलेलं असेल, तर तो त्याच कुळातला शब्द आहे. आपण त्याला अनामत म्हणतो. फक्त व्यवहार उलटा झाला. तेव्हा पुस्तक ठेवून पैसे मिळायचे, आता पैसे ठेवून पुस्तक मिळतं. विद्यार्थी पुस्तक घेऊन पसार झाला, काच फोडली, खोलीची किल्ली हरवली, तर अनामतीतून कापून घ्यायचं आणि उरलेलं परत करायचं. ही रीत सरळ होती आणि तिच्यात पदवीचा संबंधच नव्हता.

गडबड झाली ती आकड्यांत. पुस्तकांच्या, काचसामानाच्या किमती वाढत गेल्या आणि अनामत तिथेच राहिली. शंभर-दोनशे रुपयांच्या अनामतीवर सहाशे-आठशेचं पुस्तक घरी जाऊ लागलं. तारण कर्जापेक्षा लहान झालं, की देणारा दुसरं तारण शोधतो. कॉलेजच्या हातात विद्यार्थ्याचं एकच मोलाचं काही उरतं : त्याचे कागद.

एका फॉर्मची गोष्ट

मी धाराशिवच्या एका कॉलेजात बी.एस्सी. केलं. 2012 साली आमचा निकाल लागला. माझ्या कळंब तालुक्यातल्या एका मित्राला सोलापूर विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश घ्यायचा होता. सोलापूर धाराशिवहून एसटीनं दीड-दोन तासांवर, पण विद्यापीठ वेगळं. आमची पदवी औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची. त्यामुळे त्याला टीसी तर हवी होतीच, शिवाय विद्यापीठाचं मायग्रेशनही हवं होतं. मायग्रेशनच्या अर्जाला टीसी लागते, आणि टीसीला नो ड्यूज. एका सहीपाशी गाडी थांबली की मागची सगळी रांग थांबते.

त्याच्या फॉर्मवर चार मुख्य चौकटी होत्या : ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, लेखा विभाग.

ग्रंथालयानं सांगितलं, भौतिक रसायनाचं एक पुस्तक तुझ्या नावावर आहे. तो म्हणाला, दुसऱ्या वर्षीच परत केलंय. इथे जुनी तिकीट पद्धत समजून घ्यायला हवी. तेव्हा प्रत्येकाला दोन-तीन ‘बीटी कार्ड’ मिळायची. खिशासारखी छोटी तिकिटं. पुस्तक नेताना पुस्तकातलं कार्ड काढून तुमच्या तिकिटाच्या खिशात घालायचे आणि दोन्ही मिळून काउंटरवरच्या ट्रेमध्ये परतीच्या तारखेखाली लावायचे. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात आणि तिकीट तुमच्या हातात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या नीना ब्राउन या ग्रंथपाल बाईंच्या नावानं ही पद्धत ओळखली जाते. तिच्यातली हुशारी अशी, की पावतीची गरजच नाही. तुमची सगळी तिकिटं तुमच्याकडे असतील, तर तुमच्याकडे एकही पुस्तक असू शकत नाही.

मित्राकडे तिन्ही तिकिटं होती. मधल्या काळात ग्रंथालयात संगणक आला होता आणि जुन्या रजिस्टरवरून नोंदी उतरवताना एक परत आलेलं पुस्तक ‘बाहेर’ म्हणून चढलं होतं. ग्रंथपाल सरांनी तिकिटं पाहिली, दाखल क्रमांक घेतला आणि मामांना कपाटाकडे पाठवलं. पुस्तक जागेवर होतं. सही झाली. तिकिटं त्यानं वर्षभरापूर्वीच फेकून दिली असती, तर त्याला नवीन प्रत आणून द्यावी लागली असती किंवा किंमत आणि दंड भरावा लागला असता.

तुम्ही म्हणाल, एका पुस्तकासाठी एवढं का ताणायचं? कारण ग्रंथपालालाही कुणीतरी विचारतं. लेखापरीक्षणात पुस्तक कमी निघालं, की जबाब त्याला द्यावा लागतो. खुद्द केंद्र सरकारचे 2017 चे वित्तीय नियम मात्र याबाबत उदार आहेत. वर्षभरात दिलेल्या-वाचलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं तिथे वाजवी मानलंय, अट एवढीच की त्यामागे लबाडी किंवा हलगर्जी नसावी. हजार रुपयांवरच्या आणि दुर्मीळ पुस्तकांची मात्र चौकशी करावीच लागते. हे नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहेत. गावातल्या कॉलेजच्या ग्रंथपालाला अशी पाचाची सवलत कुणी देईल याची खात्री नसते, म्हणून तो ती विद्यार्थ्यालाही देत नाही.

प्रयोगशाळेत एक ब्युरेट फुटल्याची नोंद होती. चौघांच्या गटाच्या नावावर. तिघं आधीच आपापला वाटा भरून गेले होते, राहिलेला चौथा वाटा त्यानं भरला. वसतिगृह समाजकल्याण विभागाचं होतं, म्हणजे कॉलेजचं नव्हतंच. गृहपालांची सही वेगळ्या इमारतीत, वेगळ्या वेळेत. खाट, गादी, किल्ली दाखवली आणि काम झालं.

खरी अडचण शेवटच्या चौकटीत

लेखा विभागात मोठा आकडा निघाला : शिष्यवृत्तीचा न आलेला हप्ता. पैसे सरकारकडून कॉलेजला यायचे होते, पण खात्यावर बाकी मुलाच्या नावानं दिसत होती. त्यानं पुस्तक नेलं नव्हतं, काच फोडली नव्हती. तरी त्याचा कागद अडला. शेवटी हप्ता आल्यावर भरीन असं हमीपत्र लिहून घेऊन टीसी दिली गेली, प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात.

हे मागासवर्गीय मुलांच्या वाट्याला जास्त येतं, कारण त्यांची फी सरकारी वेळापत्रकावर चालते. 2021 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा वाटा थेट त्यांच्या बँक खात्यात जमा होतो आणि कॉलेजची फी त्यांनी भरायची असते. व्यवहार स्वच्छ झाला, पण उशीर झाला तर तो आता आणखी उघडपणे मुलाच्या माथ्यावर दिसतो.

कायदा काय म्हणतो

पदवी विद्यापीठ देतं, कॉलेज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2008 चे नियम सांगतात, की विद्यार्थी पात्र होणं अपेक्षित असलेल्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत पदवी दिली गेली पाहिजे. ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेनं आयोगानं संस्थांना विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रं स्वतःकडे ठेवून घ्यायला मनाई केली. म्हणजे तुमची दहावी-बारावीची गुणपत्रिका कुणी अडवू शकत नाही. अडतं ते कॉलेजनं स्वतः द्यायचं असलेलं : टीसी, आणि कॉलेजमार्फत जाणारा किंवा येणारा कागद.

‘देणं आहे म्हणून वस्तू धरून ठेवतो’ हा हक्क 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 171 मध्ये आहे. पण तो मोजक्यांनाच : बँका, माल विकणारे अडते, धक्केवाले, उच्च न्यायालयाचे वकील, विमापत्रांचे दलाल. वेगळा करार नसेल तर बाकी कुणाला नाही. त्या यादीत कॉलेज नाही. ब्रिटनमध्येही हाच वाद झाला. तिथल्या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी कार्यालयानं 2014 मध्ये विद्यापीठांना बजावलं, की शिक्षणशुल्काशी संबंध नसलेल्या देण्यासाठी, म्हणजे खोलीभाडं किंवा दंड यांसाठी, सरसकट पदवी रोखण्याच्या अटी ग्राहक कायद्यात बसणार नाहीत. देणं वसूल करू नका असं कुणी म्हटलं नाही. वसुलीचं हत्यार देण्याच्या मापाचं असावं, एवढंच म्हणणं होतं. चौथ्या हिश्शाच्या ब्युरेटसाठी एक वर्ष वाया जाणं हे माप नव्हे.

आता पदव्या डिजीलॉकरमध्येही येतात. पण ती सोय विद्यापीठाकडून पदवी चढल्यावरची. टीसी अजून कॉलेजच्या खिडकीतूनच मिळते, म्हणून फॉर्मही अजून कागदाचाच फिरतो.

फॉर्म फिरवताना दोन गोष्टी मात्र मागता येतात. कुठल्या चौकटीत सही नाकारली, तर किती रक्कम, कुठल्या नोंदीवरून, कुठल्या तारखेची, हे लेखी मागा. दाखल क्रमांक किंवा फूटतुटीच्या रजिस्टरचं पान मिळालं, की चूक शोधता येते. मित्राचं पुस्तक तसंच सापडलं. आणि चारही सह्या झाल्यावर प्रवेशाच्या वेळची पावती काढून पाहा. तिच्यावर ग्रंथालय अनामत, प्रयोगशाळा अनामत असं लिहिलेलं असतं, आणि ती परत मागायची मुदत अनेक ठिकाणी माहितीपुस्तिकेत छापलेली असते. टीसी हातात पडल्याच्या आनंदात बहुतेक जण ती पावती विसरतात. बेबाकी दोन्ही बाजूंची असते, आणि कॉलेजकडची तुमची बाकी अजून फिटलेली नसते.