सरळ रेषांनी आखलेली कंप्रता : बोडेच्या आलेखाचा उगम आणि त्याची मर्यादा

दूरध्वनीच्या लांब मार्गावर आवाज क्षीण होत जातो, म्हणून ठराविक अंतरावर विवर्धक बसवावे लागतात. प्रत्येक विवर्धक आवाजाबरोबर थोडी विकृतीही वाढवतो, आणि असे पुष्कळ विवर्धक एकापुढे एक आले की ती साचत जाते. 2 ऑगस्ट 1927 रोजी बेल प्रयोगशाळेतील हॅरॉल्ड ब्लॅक या अभियंत्याला हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत यावर उपाय सुचला आणि त्याने तो हातातल्या वृत्तपत्राच्या पानावरच टिपून ठेवला. विवर्धकातून बाहेर पडणाऱ्या विद्युत्-संदेशाचा काही अंश परत आत आणून मूळ संदेशातून वजा करावयाचा, असा तो उपाय होता. विवर्धन घटते, पण विकृती त्याच प्रमाणात मावळते. यालाच ऋण फीडबॅक म्हणतात.

उपाय सोपा होता, पण त्यातून एक नवे संकट उभे राहिले. विवर्धकातून जाताना प्रत्येक लहरीला थोडा उशीर होतो. या उशिराचे कोनात मोजलेले मान म्हणजे कला. एखाद्या कंप्रतेला हा उशीर 180 अंश झाला की वजाबाकीची बेरीज होते. आणि त्या ठिकाणी वेटोळ्यातील विवर्धन एकपटीहून कमी झालेले नसेल तर विवर्धक आपोआप शीळ घालू लागतो. तेथील अभियंते याला ‘गाणे’ म्हणत, आणि हे गाणे कोणालाच नको होते. विवर्धक केव्हा गाईल याचा निर्णायक निकष हॅरी नायक्विस्टने 1932 साली गणिताने सिद्ध केला. तथापि तो निकष ‘हा विवर्धक गाईल काय’ एवढेच सांगे. ‘न गाणारा विवर्धक कसा रचावा’ हे सांगत नसे. ती उणीव हेन्ड्रिक बोडे याने भरून काढली. (डच वंशाच्या या नावाचा उच्चार अमेरिकेत ‘बोडी’ असा होतो, मराठीत ‘बोडे’ हे रूप सोयीचे.)

बोडेच्या पद्धतीला अनुकूल असे मापन आधीच तयार झालेले होते. दूरध्वनीतील क्षय पूर्वी ‘प्रमाण केबलचे इतके मैल’ अशा भाषेत मोजत. 1924 साली त्याऐवजी लॉगरिथमावर आधारलेले एकक बेल कंपनीच्या व्यवहारात आले आणि 1928 साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलच्या स्मरणार्थ त्याला डेसिबल हे नाव मिळाले. पटीच्या लॉगरिथमाला 20 ने गुणले की डेसिबल मिळतात : दहापट म्हणजे 20, शंभरपट म्हणजे 40, एकपट म्हणजे शून्य. लॉगरिथमामुळे गुणाकाराची बेरीज होते, आणि पुढील सर्व सुलभतेचे मूळ येथेच आहे. ट्रान्स्फर फंक्शन हे अवयवांच्या गुणाकाराने बनलेले असते. डेसिबलमध्ये प्रत्येक अवयवाचा आलेख वेगळा आखून ते केवळ एकमेकांत मिळवावयाचे.

असा एक अवयव म्हणजे 1/(1 + s/100). कंप्रता 100 रेडियन प्रतिसेकंद याहून पुष्कळ कमी असता त्याचे मान जवळजवळ 1, म्हणजे शून्य डेसिबल राहते. ती पुष्कळ अधिक असता कंप्रता दहापट होताच मान दशांश होते, म्हणजे दर दशकाला 20 डेसिबलने उतरते. कंप्रतेचा अक्षही लॉगरिथमी घेतला की या दोन्ही अवस्था सरळ रेषा होतात. खरा वक्र त्यांना दूरवर जाऊन मिळतो, म्हणून त्या त्याच्या अनंतस्पर्शी रेषा. दोन्ही रेषा 100 या कोपऱ्यावर भेटतात आणि खरा वक्र तेथे 3 डेसिबल खाली असतो. कोपऱ्याच्या दुप्पट वा निम्म्या कंप्रतेवर ही चूक सुमारे 1 डेसिबल उरते. कलेसाठी कोपऱ्याच्या दशांशापासून दसपटीपर्यंत शून्यापासून उणे 90 अंशांपर्यंत उतरणारी तिरपी रेषा घेतात. ती कोपऱ्यावर बरोबर 45 अंश दाखवते आणि तिची कमाल चूक, दोन्ही टोकांशी, 6 अंशांहूनही थोडी कमी असते.

तीन टप्प्यांच्या विवर्धकाचे संपूर्ण वेटोळे पुढीलप्रमाणे असल्याचे मानू :

L(s) = 100 / [(1 + s/10)(1 + s/100)(1 + s/1000)]

मानाची रेषा 40 डेसिबलवर आडवी सुरू होते. 10 पासून ती दशकाला 20 ने उतरते आणि 100 पाशी 20 डेसिबलवर येते. तेथून उतार 40 चा होतो, म्हणून उरलेले 20 डेसिबल अर्ध्या दशकात संपतात आणि सुमारे 316 वर रेषा शून्याला छेदते. त्या जागी पहिला अवयव पूर्ण 90 अंश मागे नेतो, दुसरा 67.5 आणि तिसरा 22.5 अंश, बेरीज नेमकी 180. रेषांचा कौल असा की विवर्धक गाण्याच्या उंबरठ्यावर उभा आहे. काटेकोर गणित केले तर खरा छेद 301 च्या आसपास पडतो आणि उशीर 176.5 अंश निघतो, विवर्धन 1.7 डेसिबलने वाढले तरच तो गाऊ लागेल. रेषा येथे किंचित निराशावादी ठरल्या, पण इतक्या थोड्या अंतरावर कोणताही शहाणा अभियंता विसंबून राहणार नाही. विवर्धन दशांश केले, म्हणजे मानाची सगळी रेषा 20 डेसिबल खाली सरकवली, की छेद 100 वर येतो आणि उशीर 135 अंश होतो. म्हणजे रेषांप्रमाणे 45 अंशांचा आणि खऱ्या हिशेबाने सुमारे 55 अंशांचा अवकाश मिळतो. कलेची रेषा मात्र मुळीच हलत नाही.

एवढ्यावर हा सोईस्कर आडमार्गच ठरला असता. त्याला सिद्धान्ताचे वजन बोडेच्या 1940 सालच्या निबंधाने आले आणि 1945 साली त्याच्या ग्रंथात त्याचा विस्तार झाला. विवर्धन उच्च कंप्रतांना एकदम तोडून टाकावे आणि उशीर मात्र वाढू नये, असे जाळे सापडले असते तर सारी अडचणच मिटली असती. बोडेने दाखवले की असे जाळे अस्तित्वातच असू शकत नाही. एका मोठ्या वर्गातील जाळ्यांत कला ही मानाच्या उतारावरूनच ठरते : एखाद्या कंप्रतेवरील कला म्हणजे सर्व कंप्रतांवरील उतारांची भारित सरासरी, आणि सर्वांत मोठा भार शेजारच्या उताराचा. दशकाला 20 डेसिबलचा उतार दूरवर टिकला तर 90 अंश, 40 चा टिकला तर 180. म्हणून 30 अंशांचा अवकाश हवा असेल तर छेदाच्या दोन्ही बाजूंना उतार दुप्पट कंप्रतेला सुमारे 10 डेसिबलहून अधिक ठेवता येत नाही. (या दुपटीला इंग्रजीत ‘आठ’ मोजून नाव दिलेले आहे, आपले सप्तक त्याच अंतरात सातच स्वर मोजते.) अनंतस्पर्शी रेषांची आकृती नेमका हा उतारच डोळ्यांपुढे ठेवते, आणि त्यामुळे मानाच्या आकृतीवरून विवर्धकाचे भवितव्य वाचता येऊ लागले.

हे वाचन दोन ठिकाणी दगा देते. पहिले स्थळ अनुनादाचे. द्विघाती अवयवाचे अवमंदन गुणोत्तर 0.1 असेल तर कोपऱ्यापाशी खरा वक्र रेषांच्या 14 डेसिबल वर शिखर गाठतो आणि कलाही अल्प अंतरात जवळजवळ 180 अंशांनी कोसळते. तेथे रेषा केवळ सांगाडा म्हणून घ्याव्या व शिखर हाताने वर काढावे. दुसरे स्थळ अधिक फसवे आहे. (1 + s/100) च्या जागी (1 − s/100) आला तर मानाची आकृती तसूभरही बदलत नाही, कला मात्र उलट दिशेने जाते. संदेशाला प्रवासात लागणारा शुद्ध विलंबही मानाला न शिवता कंप्रतेच्या प्रमाणात कला वाढवतो. असा अवयव बोडेच्या त्या वर्गाबाहेरचा. त्याची ओळख मोजमापातच पटते : मोजलेली कला उताराने सुचवलेल्या कलेपेक्षा अधिक मागे पडत असेल आणि ही तफावत कंप्रतेबरोबर वाढत असेल, तर वेटोळ्यात कोठेतरी असा अवयव वा विलंब आहे असे समजावे आणि कलेची आकृती मानावरून न काढता स्वतंत्रपणे मोजून आखावी.